माणूस गेला, दिलेला शब्द राहिला

पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्या कारखान्यातला अकाउंट मॅनेजर नोकरी सोडून गेला, की त्याच्या ग्राहकाला एकच चिंता लागते. त्याच्याशी तोंडी ठरलेल्या गोष्टींचं आता काय होणार? नवा माणूस कोण, किती शिकलेला, किती वर्षं अनुभवी, हे सगळं नंतर. आधी हवं असतं ते एवढंच, की ठरलंय ते ठरलेलं राहील.

बहुतेक कंपन्या नेमकं याचंच उत्तर देत नाहीत. ‘अमुक अमुक आता आमच्याकडे नाहीत, यापुढे तमुक तमुक आपल्या संपर्कात राहतील’ अशी दोन ओळींची ईमेल सगळ्या ग्राहकांना एकदम जाते. खाली नवा मोबाइल नंबर असतो. ओळख करून दिली, असं कंपनी मानते. ग्राहकाच्या बाजूने मात्र काहीच घडलेलं नसतं, फक्त एक ओळखीचा आवाज बंद झालेला असतो.

अकाउंट मॅनेजर म्हणजे ठरावीक ग्राहकांची सगळी जबाबदारी असलेला माणूस. ऑर्डर घेणं हा त्याच्या कामाचा छोटा भाग. माल वेळेवर निघाला का, रिजेक्शन का आलं, पैसे कुठे अडकले, पुढच्या महिन्याचं शेड्यूल वाढणार की घटणार, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. यातलं निम्मं कागदावर कधीच येत नाही. तो गेला की ते निम्मं त्याच्याबरोबर जातं.

हे कसं सांभाळायचं ते एका नमुन्यावरून पाहू. समजा, भोसरीत एक कारखाना आहे. पाच प्लायचे कोरोगेटेड बॉक्स बनवतो. चाळीसेक ग्राहक, त्यातल्या सहांवर धंद्याचा मोठा भार. त्या सहांपैकी एक चाकणला पंपाचे सुटे भाग बनवतो. त्याचं काम सात वर्षं एकाच मॅनेजरकडे होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने राजीनामा दिला. नोटीस महिन्याची होती, पण साठलेल्या रजा धरून तो दहा दिवसांत मोकळा झाला. त्याची जागा आतल्याच एका बाईंना मिळाली. त्या आतापर्यंत डिस्पॅचचं नियोजन बघायच्या. माल त्यांना पुरता ठाऊक, ग्राहक मात्र फक्त चलानवरच्या नावापुरता.

पहिलं काम मालकाच्या फोनचं, आणि ते मालकानेच करायचं. सहा मोठ्या ग्राहकांना फोन जुना मॅनेजर बाहेर पडायच्या आत जायला हवा. गेल्यावर एका दिवसाच्या पलीकडे तर तो लांबूच नये. कारण बातमी थांबत नाही. जुना माणूस स्वतः सांगतो, नाहीतर टेम्पोवाला सांगतो, नाहीतर स्पर्धक कंपनीचा सेल्समन सांगतो. त्यांच्यापैकी कुणाकडून कळली, की ग्राहक दुसऱ्या पुरवठादाराचे रेट मागवून ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याची लाइन खोक्यांवाचून उभी राहिली तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

फोनवर बोलायचं थोडंच. ‘साहेब, नमस्कार. आमचे मॅनेजर या शुक्रवारी आमच्याकडून जात आहेत. तुमचं काम आता आमच्या मॅडम बघतील. गेली चार वर्षं तुमचा माल त्यांच्याच नियोजनातून निघतोय. हातातल्या ऑर्डरी आणि रेट आहेत तसेच राहतील. मंगळवारी मी त्यांना घेऊन येतो. एक विनंती आहे. आमच्या माणसाशी तोंडी ठरलेलं जे काही असेल, ते तेवढं एका कागदावर काढून ठेवाल का?’

शेवटची विनंती सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक मालक तीच करायला कचरतात. ग्राहक उगाच काहीबाही मागेल अशी धास्ती वाटते. प्रत्यक्षात समोरासमोर बसून खोटा शब्द सांगणारे थोडे, आणि पडताळा करायला आपल्याकडे चलानं आणि मेसेज असतातच. उलट न विचारल्यास तोच शब्द तीन महिन्यांनी भांडण होऊन पुढे येतो.

फोनवर काय बोलायचं नाही, हेही ठरवून घ्यावं. ‘ते रजेवर आहेत’ असं कधीही सांगू नये. ग्राहकाकडे जुन्या मॅनेजरचा स्वतःचा नंबर असतो आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत तो त्यालाच लावतो. जुन्या माणसाविषयी वाईट बोलणंही तितकंच नुकसानीचं. सात वर्षं ज्याच्याशी त्याचं जमलं, त्याला नावं ठेवली की ती ग्राहकाच्या पारखेलाही लागतात. वेळही बघावी. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी, आणि महिनाअखेरीच्या दोन-तीन दिवसांत डिस्पॅचच्या घाईत कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. तेव्हा केलेला फोन ऐकला जातो, मनावर घेतला जात नाही.

फोन झाला की भेटीपर्यंत चार-पाच दिवस मिळतात. ते एका वहीसाठी वापरायचे. वहीत प्रत्येक मोठ्या ग्राहकाचं एक पान, आणि त्यावर जुन्या मॅनेजरने दिलेला प्रत्येक शब्द: कुणाला दिला, केव्हा दिला, कुठे नोंद आहे, आपण पाळणार का. जुना माणूस अजून ऑफिसला येत असेल तर त्याच्यासोबत दोन तास बसून ही वही भरावी. तो गेला असेल तर शोध घ्यावा लागतो. त्याची मेलपेटी आहे. कंपनीच्या सिमवरचं व्हॉट्सअ‍ॅप आहे. अकाउंट्समध्ये त्या ग्राहकाचं खातं आणि न मिटलेल्या डेबिट नोटा आहेत. आणि ज्यांना विचारायचं कुणाला सुचत नाही असे दोघे आहेत, डिस्पॅचचा सुपरवायझर आणि टेम्पोचा ड्रायव्हर.

चाकणच्या पानावर चार गोष्टी जमल्या. एका बॉक्सचे चारशे नग पर्चेस ऑर्डर नसतानाही कायम तयार ठेवायचे, कारण त्या ग्राहकाचं शेड्यूल आदल्या दिवशी बदलतं. हे सुपरवायझरने सांगितलं. लिहिलेलं कुठेच नव्हतं. दुसरं ड्रायव्हरकडून कळलं. टेम्पो साडेअकराच्या आत गेटवर लागला पाहिजे, एकनंतर स्टोअर माल उतरवून घेत नाही आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत अडकते. तिसरं व्हॉट्सअ‍ॅपच्या एका व्हॉइस मेसेजमध्ये निघालं. क्राफ्ट पेपर महागला तरी मार्चपर्यंत रेट वाढवणार नाही, असं जुन्या मॅनेजरने सांगून टाकलं होतं. चौथी गोष्ट पैशांची होती.

मागच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक लॉट टेम्पोत भिजला. कागद ओल धरतो आणि मग खोक्याची ताकद जाते. खाली रचलेले बॉक्स दबले. ग्राहकाने 1,200 नग नाकारले, नगाला 32 रुपये या दराने 38,400 रुपयांची डेबिट नोट काढली आणि तेवढी रक्कम पुढच्या बिलातून कापून घेतली. आपल्या खात्यात ती अजून येणं म्हणूनच दिसत होती. मधल्या काळात जुन्या मॅनेजरने निम्मी रक्कम, म्हणजे 19,200 रुपये, सोडायचं कबूल केलं होतं. क्रेडिट नोट मात्र निघालीच नाही. ग्राहक समजत होता की विषय अर्ध्यावर मिटलाय, उरलेलं तो देणार आहे. अकाउंट्सची मंडळी दर महिन्याला पूर्ण रकमेची आठवण पाठवत होती.

अशा बाबतीत कायद्याची एक मुदत आहे आणि नव्या मॅनेजरला ती ठाऊक हवी. माल परत आला किंवा रक्कम सोडली, तर जीएसटी कमी करून घेण्यासाठी काढलेली क्रेडिट नोट त्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच्या विवरणात दाखवावी लागते. वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. त्यानंतरही रक्कम सोडता येते, पण तिच्यावर भरलेला कर अंगावर पडतो. ऑगस्टचा माल गेल्या आर्थिक वर्षातला आणि आता ऑक्टोबर निम्मा सरला. हातात सहा आठवडे होते. नवी मॅनेजर निवांतपणे सहा महिन्यांत ‘सेट’ होईल, या हिशोबाने हे चाललं असतं तर मुदत टळली असती.

मालकाने भेटीआधीच निर्णय घेतला. चारशे नगांचा साठा चालू ठेवायचा, पण ग्राहकाकडून लेखी पत्र घ्यायचं, की बॉक्सचं डिझाइन बदललं तर तो साठा तो उचलेल. टेम्पोची वेळ पाळायची. मार्चपर्यंतचा रेट, तोटा होत असला तरी, ठेवायचा, कारण शब्द कंपनीच्या माणसाने कंपनीच्या नावावर दिला होता. आणि 19,200 ची क्रेडिट नोट काढायची. पण हे चारही निर्णय भेटीत मालकाने बोलायचे नव्हते. ते नव्या मॅनेजरने सांगायचे होते.

मंगळवारची भेट पाऊण तासाची झाली. पहिली दहा मिनिटं मालक बोलला आणि नंतर त्याने खुर्ची जरा मागे घेतली. कंपनीची माहिती देणारं प्रेझेंटेशन नेलं नव्हतं, कारण सात वर्षांच्या ग्राहकाला कंपनी माहीत असते. मॅडमनी वही उघडली आणि म्हणाल्या, ‘साहेब, आमच्याकडे तुमच्याशी ठरलेल्या चार गोष्टी सापडल्या. तुमच्या कागदाशी ताडून बघूया.’ ग्राहकाच्या कागदावर पाच होत्या. पाचवी अशी, की बॉक्सवरचा छापील बाण एका बाजूला अस्पष्ट येतो, तो दुरुस्त करू असं दोनदा सांगून झालं होतं. ही तक्रार आपल्याकडे कुठेच नव्हती. छपाईचा ब्लॉक झिजला असणार हे डिस्पॅचमधल्या बाईंना तिथेच कळलं. नवा ब्लॉक कधी लागेल ते त्यांनी तारखेनिशी सांगितलं. त्याच संध्याकाळी पाचही मुद्दे लिहून ईमेल गेली, आणि क्रेडिट नोटही सोबत होती.

पहिल्या भेटीत रेट वाढवण्याचा विषय काढू नये, नवा माल विकायचा प्रयत्नही करू नये. यावर काही सेल्सवाले नाराज होतील. पण नव्या माणसाने आल्या आल्या काही मागितलं की ग्राहक त्याला मागणारा म्हणूनच लक्षात ठेवतो. जुनं एखादं अडलेलं काम त्याने मिटवलं तर ओळखीची सुरुवात त्या कामाने होते.

ओळख फक्त पर्चेसच्या साहेबांशी करून परत येणं ही फार मोठी चूक आहे. पर्चेस ऑर्डर देतं. गाडी उतरवून घेणारा स्टोअरचा इनचार्ज असतो, माल पास-नापास करणारी क्वालिटीची माणसं असतात, आणि बिल पुढे सरकवणारा अकाउंट्समधला क्लार्क असतो. जुना मॅनेजर या चौघांना नावानिशी ओळखत होता. म्हणून भेट संपल्यावर चाकणच्या त्या कारखान्यात मॅडम स्टोअरमध्ये गेल्या, इनचार्जना भेटल्या आणि गाडीच्या वेळेचं त्यांच्याशी थेट बोलून घेतलं. क्वालिटीत भिजलेल्या लॉटचे फोटो बघितले. यातल्या एकाला जरी टाळलं, तरी पुढचं रिजेक्शन आपल्याला फोनवर कळायच्या ऐवजी डेबिट नोटेतून कळतं.

उरलेल्या चौतीस ग्राहकांसाठी एवढं शक्य नसतं आणि गरजही नसते. मधल्या दहा-बारांना नव्या मॅनेजरने फोन करावा, पण आदल्या दिवशी मालकाचा मेसेज गेलेला असावा. वर्षातून दोन-तीनदा माल घेणाऱ्यांना पत्र पुरतं.

त्या पत्रात एक ओळ हवीच हवी: ‘आमचं बँक खातं बदललेलं नाही.’ संपर्काचा माणूस बदलण्याच्या काळात फसवणुकीची शक्यता वाढते. पुरवठादाराच्या नावाने मिळतीजुळती ईमेल येते, ‘आता मी तुमचं काम बघतो, आणि हो, आमचं खातं बदललंय, यापुढे पैसे इथे पाठवा.’ ग्राहकाला नवा माणूस अपेक्षित असल्यामुळे ती खरी वाटते. म्हणूनच ओळखीचं पत्र नव्या मॅनेजरच्या नव्या पत्त्यावरून जाऊ नये. ते ग्राहकाला वर्षानुवर्षं माहीत असलेल्या मालकाच्या किंवा अकाउंट्सच्या पत्त्यावरून जावं, आणि खात्यात बदल सांगणारं काहीही आलं तर जुन्याच नंबरवर फोन करून खात्री करा, असं त्यात स्पष्ट लिहावं.

व्हॉट्सअ‍ॅपचंही नीट बघावं लागतं. मॅनेजर स्वतःच्या नंबरावरून काम करत असेल तर तो नंबर, त्यातलं सगळं बोलणं आणि ग्राहकांची यादी त्याच्याबरोबर जाते, आणि ते परत मागायला काही आधार उरत नाही. सिम कंपनीच्या नावावर असेल तर तेच सिम नव्या मॅनेजरच्या हाती देता येतं. ग्राहकाने जुना नंबर लावला तरी फोन योग्य जागी येतो. शेड्यूलच्या ग्रुपमध्ये जुना माणूस कधीकधी महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि रेटसकट सगळं वाचत असतो. त्याला आधी कळवून, सौजन्याने बाहेर काढावं, आणि तो एकटाच अ‍ॅडमिन असेल तर जाण्याआधी दुसरा अ‍ॅडमिन करून घ्यावा.

तो स्पर्धकाकडे गेला तर काय, असा प्रश्न मालक हमखास विचारतात. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार कुणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. त्यामुळे ‘सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही’ या नेमणूकपत्रातल्या कलमावर विसंबू नये. कंपनीची गोपनीय माहिती वापरू न देण्याचा मुद्दा वेगळा, त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. एखाददुसरा ग्राहक त्याच्या मागे जाईलही. त्याला धरून ठेवायला घाबरून रेट पाडला तर तो रेट बाकीच्या ग्राहकांपर्यंत पोचतो, आणि नव्या मॅनेजरची सुरुवातच सूट देण्याने होते.

वही भरताना कधी एखादा शब्द असा निघतो, जो लिहिता येत नाही. पर्चेसमधल्या कुणाला तरी दर बिलामागे काही ‘ठरलेलं’ असतं. हा शब्द पाळायचा नाही, यात चर्चेला जागा नाही. पण तो नाकारण्याचं ओझं नव्या मॅनेजरवर टाकणं अन्यायाचं आहे. ते मालकाने स्वतः जाऊन, एकट्याने बोलायचं. धंदा कमी होईल, तो होऊ द्यावा.

भेटीनंतरचा सगळ्यात अवघड भाग मालकाच्या वाट्याला येतो. ग्राहकाचे फोन मालकालाच येत राहतात. ‘त्या नवीन आहेत, म्हटलं तुम्हालाच विचारावं.’ मालकाने तिथल्या तिथे रेट सांगितला किंवा गाडीची वेळ दिली, की नवी मॅनेजर संपली. तेव्हा मालकाने ऐकून घ्यावं आणि म्हणावं, ‘मॅडम तासाभरात तुम्हाला फोन करतील,’ आणि तो फोन तासाभरात जाईल हे बघावं. पाच-सहा वेळा असं झालं की फोनची दिशा बदलते.

बदल जमला नसेल तर खुणा दोन महिन्यांच्या आत दिसतात. शेड्यूल उशिरा यायला लागतं. पन्नास हजारांची ऑर्डर तीसवर येते आणि कारण कुणी नीट सांगत नाही. खात्याची शिल्लक बरोबर असल्याची सही मागितली तर ‘बघतो’ म्हणतात. बिल ‘थोडी शंका आहे’ म्हणून टेबलावर राहतं. यातली कुठलीही एक खूण दिसली तर मालकाने मॅडमसोबत पुन्हा एकदा जाऊन यावं, आणि पर्चेसच्या आधी स्टोअरमध्ये जावं, कारण खरं काय झालंय ते तिथे लवकर कळतं. जमल्याचीही एक खूण आहे. रिजेक्शन झालं की क्वालिटीचा माणूस डेबिट नोट काढण्याआधी मॅडमना फोन करतो.

ज्यांच्या कारखान्यातला मॅनेजर आज जागेवर आहे, त्यांनी ही वही त्याच्याचकडून आता भरून घ्यावी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास त्याला पुरतो. आणि नवा मॅनेजर ज्या ग्राहकांकडे येतो, त्यांनाही एक विनंती. तोंडी ठरलेलं तुमच्याही कागदावर आणा, आणि पहिल्याच भेटीत समोर ठेवा.